नायट्रोजन वर की खाली, बेरीज मात्र एकच

अमोनियाच्या रेणूत तीन हायड्रोजन एका प्रतलात त्रिकोण करून बसलेले असतात आणि नायट्रोजन त्या त्रिकोणाच्या एका अंगाला असतो. समजा वरच्या. तो खालच्या अंगाला असता तरी रेणूची ऊर्जा तीच राहिली असती, कारण वर आणि खाली हे आपले शब्द, रेणूला त्याचं काही देणंघेणं नाही. या दोन जागांच्या मध्ये ऊर्जेचा एक उंचवटा आहे आणि नेहमीच्या तापमानाला बहुतेक रेणूंकडे तो चढून जाण्याइतकी ऊर्जा नसते. तरीही नायट्रोजन पलीकडे जातो. वरून खाली जायला त्याला साधारण २१ पिकोसेकंद लागतात आणि तेवढ्याच वेळात तो परत वर येतो. एक पिकोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग.

मला शिकवायला हा रेणू फार आवडतो, कारण त्याची सगळी अवस्था दोन आकड्यांत मावते. `a` हा 'नायट्रोजन वर' चा अ‍ॅम्प्लिट्यूड आणि `b` हा 'नायट्रोजन खाली' चा. दोन्ही कॉम्प्लेक्स संख्या. नायट्रोजन वर सापडण्याची शक्यता `|a|²`, खाली सापडण्याची `|b|²`. तिसरी जागा नाहीच, तेव्हा दोन्ही मिळून एक. क्वांटम मेकॅनिक्समधल्या बहुतेक अवघड गोष्टी या दोन आकड्यांवर करून बघता येतात आणि त्या तशाच अवघड राहतात, म्हणजे आपली फसवणूक होत नाही.

मागे आमच्या एका विद्यार्थिनीनं याच रेणूवर छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. सुरुवातीला नायट्रोजन नक्की वर, म्हणजे `a = 1`, `b = 0`. मग श्रोडिंगरचं समीकरण घेऊन छोट्याछोट्या पावलांनी पुढं जायचं. शंभर पावलांनंतर तिनं दोन्ही शक्यतांची बेरीज छापली, तर ती २.७०४८ आली. "सर, नायट्रोजन दोनशे सत्तर टक्के कसा काय असेल?" तिनं विचारलं. आणि मग तिनंच उपायही सांगितला, की प्रत्येक पावलानंतर बेरजेनं भागून टाकते, म्हणजे एक होईल.

हा उपाय मला अजिबात पटला नाही. का पटला नाही ते सांगायचं तर आधी हे पाहावं लागतं, की निसर्गात बेरीज एक राहते ती कुणी भागल्यामुळे राहत नाही.

तिचा प्रोग्रॅम असा होता:

```python
import numpy as np
x = 0.1
H = np.array([[0, -1], [-1, 0]])
psi = np.array([1, 0], dtype=complex)
for n in range(100):
    psi = psi - 1j * x * (H @ psi)
print(np.vdot(psi, psi).real)
```

इथे `H` हा हॅमिल्टनियन, म्हणजे ऊर्जेचा मॅट्रिक्स. त्याच्या कोपऱ्यातली संख्या खरं म्हणजे `-A` आहे; `A` हे नायट्रोजन किती सहज पलीकडे जातो याचं माप. अमोनियाच्या दोन ऊर्जापातळ्यांमधलं अंतर `2A`; ही ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाइतकी भरते, म्हणजे सुमारे २४ गिगाहर्ट्झ, सव्वा सेंटिमीटर लांबीची मायक्रोवेव्ह. `x` म्हणजे `A·dt/ħ`, एका पावलाचं माप. `x` जर ०.१ असेल तर एक पाऊल साधारण १.३ पिकोसेकंदाचं होतं. नायट्रोजनची एक पूर्ण ये-जा ४२ पिकोसेकंदांची, म्हणजे एका ये-जात तीसेक पावलं. पाऊल काही अवाढव्य नाही.

पहिलं पाऊल हातानं करून बघू. कागद-पेन्सिल घेतली तर दोन ओळींत होतं. `a` होता 1, `b` होता 0. समीकरण म्हणतं, `b` मध्ये `i` गुणिले ०.१ गुणिले `a` मिळवा, आणि `a` मध्ये `i` गुणिले ०.१ गुणिले `b` मिळवा. `b` शून्य होता, म्हणून `a` हलला नाही, तो 1 च राहिला. `b` झाला `0.1i`. वर्ग घेतले तर वरची शक्यता १, खालची ०.०१, बेरीज १.०१. हिशेबाच्या वहीत खालच्या खात्यावर एक टक्का जमा झाला, पण वरच्या खात्यावर तो नावे पडलाच नाही. दुसऱ्या पावलात `a` होतो `0.99` आणि `b` होतो `0.2i`. वर्गांची बेरीज ०.९८०१ अधिक ०.०४, म्हणजे १.०२०१. ही बरोबर १.०१ चा वर्ग. प्रत्येक पाऊल बेरजेला १.०१ नं गुणतंय आणि १.०१ चा शंभरावा घात २.७०४८. तिचा आकडा कुठून आला ते इथं उघडच आहे.

आता समीकरण पावलांचं नसून अखंड आहे. मग त्यात वही कशी जुळते? `a` बदलण्याचा वेग `(iA/ħ)·b` आणि `b` बदलण्याचा वेग `(iA/ħ)·a`. यावरून `|a|²` बदलण्याचा वेग काढला तर येतो `-(2A/ħ)·Im(a*b)`. `|b|²` बदलण्याचा वेग काढला तर येतो `+(2A/ħ)·Im(a*b)`. तीच राशी, एकीकडे उणे, एकीकडे अधिक. प्रत्येक क्षणी वरून जेवढं जातं तेवढंच खाली येतं, ना कमी ना जास्त. शिवाय या राशीत `a` आणि `b` दोघंही आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. `b` शून्य असताना वाहणंच शून्य असतं. म्हणून खऱ्या रेणूत पहिल्या क्षणी काहीच घडत नाही, मग हळूहळू वेग येतो, आणि खालची शक्यता `sin²` च्या चालीनं वाढत जाते. तिच्या पहिल्या पावलाइतक्या वेळात खरी उत्तरं येतात ०.९९००३ आणि ०.००९९७. बेरीज एक.

उणे आणि अधिक इतके नेमके का जुळले? कारण `H` मध्ये वरून खाली जाण्याची संख्या आणि खालून वर येण्याची संख्या एकमेकींच्या कॉन्ज्युगेट आहेत. इथं दोन्ही `-A`. याला हर्मिशियन असणं म्हणतात. समजा कुणी खोडसाळपणे एका दिशेची संख्या `-A` आणि दुसऱ्या दिशेची `-A/2` लिहिली. मग वरून जाईल दोन रुपये आणि खाली पोचेल एक. दोन जागांऐवजी लाख जागा असल्या तरी युक्तिवाद हाच राहतो; फक्त सगळं एका ओळीत लिहिता येतं, की सगळी अवस्था ψ धरली तर एकूण बेरीज `⟨ψ|ψ⟩` बदलण्याचा वेग `(i/ħ)⟨ψ|(H† - H)|ψ⟩` असतो. `H† = H` असेल तर कंस शून्य. हर्मिशियन हॅमिल्टनियन म्हणजे 'मोजलेली ऊर्जा वास्तव संख्या यायला हवी' एवढंच पाठ्यपुस्तकात मनावर ठसतं. त्याच अटीत संभाव्यतेची वही जुळण्याची हमीही आहे, हे मात्र परीक्षेच्या गडबडीत बहुतेकांच्या हातून निसटतं.

आणि यात `i` चा वाटा फार मोठा आहे. `-i` नं गुणणं म्हणजे काटकोनात वळवणं. अवस्था हा एक बाण मानला, ज्याची लांबी एक, तर एका ठरावीक ऊर्जेच्या अवस्थेत त्या बाणाला प्रत्येक क्षणी जे मिळवलं जातं ते त्याला काटकोनात असतं. काटकोनात ढकललेला बाण फिरतो, लांबत नाही. `i` काढून टाका आणि `dψ/dt = -Hψ` लिहा, की हेच समीकरण उष्णता पसरण्याच्या समीकरणासारखं होतं: बाण फिरायच्या ऐवजी आखडतो किंवा फुगतो. खुद्द श्रोडिंगरला हा `i` खटकत होता. जून १९२६ मध्ये लोरेंट्झना लिहिलेल्या पत्रात त्यानं कॉम्प्लेक्स संख्यांच्या वापराबद्दल नाराजी व्यक्त केली होती. त्याच्या मते ψ मुळात वास्तव संख्यांचंच असायला हवं होतं. त्याच महिन्यात पाठवलेल्या आपल्या चौथ्या निबंधात त्यानं `i` असलेलं समीकरण मांडलं आणि `ψψ*` ची एकूण बेरीज काळाबरोबर बदलत नाही हेही दाखवलं. फक्त ती बेरीज म्हणजे इलेक्ट्रॉनचा पसरलेला विद्युतभार, असं तो समजत होता.

ती बेरीज म्हणजे संभाव्यता हे सांगितलं माक्स बॉर्ननं, त्याच उन्हाळ्यात. आणि इथं एक गमतीची गोष्ट आहे. बॉर्नच्या पहिल्या छोट्या टिपणात मजकुरात संभाव्यता अ‍ॅम्प्लिट्यूडवरून ठरते असं आहे, आणि मुद्रितं तपासताना टाकलेल्या तळटीपेत दुरुस्ती आहे की ती अ‍ॅम्प्लिट्यूडच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ज्यासाठी १९५४ चं नोबेल मिळालं तो नियम आधी तळटीपेतून आला. ती तळटीप नसती तर काय झालं असतं, ते आपल्या अमोनियावर करून बघता येतं. ये-जेच्या चौथ्या हिश्शात, म्हणजे सुमारे साडेदहा पिकोसेकंदांनी, `a` आणि `b` दोघांची लांबी ०.७०७ असते. वर्गांची बेरीज अर्धा अधिक अर्धा, एक. नुसत्या लांबींची बेरीज १.४१४. पुन्हा दहा पिकोसेकंदांनी ती एकवर येईल, मग पुन्हा चढेल. श्रोडिंगरचं समीकरण ज्या राशीला सांभाळतं ती वर्गांची बेरीज आहे, दुसरी कुठलीही नाही. समीकरण आणि बॉर्नचा नियम दोघांनी वेगवेगळ्या वाटेनं आणले, पण ते एकमेकांशिवाय उभे राहू शकत नाहीत.

आतापर्यंत आपण समीकरणाकडून बेरजेकडे आलो. उलटा प्रवास मला जास्त आवडतो. समजा समीकरण माहीतच नाही. एवढंच माहीत आहे की काळ `t` नंतरची अवस्था आधीच्या अवस्थेवरून एका रेषीय नियमानं मिळते. त्या नियमाला `U(t)` म्हणू. रेषीय म्हणजे दोन अवस्थांची बेरीज पुढे पाठवली तर उत्तरांचीही बेरीजच येते. आणि दुसरी अट, कुठल्याही अवस्थेपासून निघा, एकूण संभाव्यता एकच राहिली पाहिजे. कुठल्याही, हा शब्द इथं सगळं काम करतो. कोणतीही दोन अवस्था घ्या, φ आणि χ. φ ची लांबी टिकते, χ ची टिकते. पण φ अधिक χ हीही अवस्थाच आहे, तिचीही लांबी टिकलीच पाहिजे. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू टिकल्या की कोनही टिकला. कॉम्प्लेक्स संख्यांमुळे आणखी एकदा φ अधिक iχ घेऊन तेच करावं लागतं, आणि मग दोन्ही अवस्थांमधला `⟨φ|χ⟩` हा सगळा गुणाकार जसाच्या तसा राहतो हे सिद्ध होतं. मागितली फक्त लांबी, आणि कोन आपोआप पदरात पडला.

हा कोन म्हणजे काय? दोन अवस्था एकमेकींपासून किती वेगळ्या ओळखता येतात, याचं माप. 'नक्की वर' आणि 'नक्की खाली' या काटकोनातल्या अवस्था, एका मोजमापात वेगळ्या ओळखू येतात. कुठल्याही वेळेनंतर त्यांची पोरं, म्हणजे त्यांच्यापासून निघालेल्या अवस्था, काटकोनातच राहतात. वेगळ्या सुरुवाती मिसळून एक होत नाहीत. सगळं मिळून `U†U = 1`.

युनिटरी म्हणायला `UU† = 1` हेही लागतं, आणि दोन जागांच्या रेणूत ते फुकट मिळतं. पण जागा अनंत असतील तर नाही मिळत. एक, दोन, तीन अशी न संपणारी रांग घ्या आणि प्रत्येक अवस्थेला एक घर पुढं सरकवा. कुणाची लांबी बदलली नाही, बेरीज एकच आहे, तरी पहिलं घर रिकामं राहिलं आणि त्या घरातून मागं जायला वाट नाही. म्हणजे 'बेरीज एक' आणि 'युनिटरी' या दोन गोष्टी अगदीच एक नाहीत. मध्ये उलट जाता येण्याची अट आहे. बाहेरच्या कुणाशी संबंध नसलेल्या व्यवस्थेत ती अट पाळली जाते, कारण `U(-t)` नं मागे जाता येतं. मग मार्शल स्टोन या गणितज्ञाचं १९३० च्या सुमाराचं प्रमेय उरलेलं काम करतं: असे सलग बदलणारे युनिटरी नियम नेहमी `exp(-iHt/ħ)` याच रूपाचे असतात आणि त्यातला `H` सेल्फ-अ‍ॅडजॉइंट असतो, म्हणजे आपला हर्मिशियन, फक्त गणितज्ञांच्या कडक अर्थानं. श्रोडिंगरचं समीकरण या वाटेनं आपसूक परत येतं. `H` नेमका कोणता, ते मात्र निसर्गाला विचारावं लागतं. अमोनियाचा `A` कुठल्याही प्रमेयातून निघत नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या उपायाकडे. प्रत्येक पावलाला भागून टाकलं तर काय बिघडतं?

तिच्या प्रोग्रॅममध्ये पाहिलं तर फारसं काही बिघडत नाही, आणि हीच त्यातली फसवी बाजू. `H` च्या मुख्य कर्णावर तिनं शून्य लिहिलं होतं, म्हणजे ऊर्जेचं शून्य दोन पातळ्यांच्या बरोबर मध्ये धरलं होतं. पातळ्या झाल्या उणे `A` आणि अधिक `A`. एका पावलात प्रत्येक पातळीचा वाटा १ अधिक (पातळी गुणिले पाऊल) चा वर्ग इतक्यानं फुगतो. दोन्हींचा वर्ग सारखाच, म्हणून दोन्ही १.०१ नंच फुगतात. भागलं की फुगवटा जातो आणि आलेख ठीक दिसतो.

मी तिला म्हटलं, ऊर्जेचं शून्य हलवून बघ. शून्य कुठं धरायचं हे आपल्या सोयीवर असतं, त्यानं भौतिकी बदलता कामा नये. तिनं खालची पातळी शून्यावर आणली, म्हणजे `H` च्या कर्णावर 1 आणि 1 लिहिले. आता पातळ्या शून्य आणि `2A`. खालच्या पातळीचा वाटा अजिबात फुगत नाही, वरच्या पातळीचा प्रत्येक पावलाला १.०४ नं फुगतो. शंभर पावलांत १.०४ चा शंभरावा घात, साडेपन्नास. 'नायट्रोजन वर' ही अवस्था दोन्ही पातळ्यांचं अर्धं-अर्धं मिश्रण असते. ते मिश्रण शंभर पावलांनंतर एकास साडेपन्नास झालं. प्रत्येक पावलाला भागून बेरीज एक ठेवली, तरी अवस्थेचा ९८ टक्के वाटा वरच्या ऊर्जापातळीत गेला. आणि एकाच पातळीत असलेल्या रेणूत ये-जा होत नाही. ये-जा दोन पातळ्यांच्या मिश्रणातूनच येते. आलेखात नायट्रोजनची वरची शक्यता आधी शून्य ते एक अशी डुलत होती, ती आता ०.३६ आणि ०.६४ च्या मध्ये अडकली. दोनशे पावलांनी ती ०.४८ ते ०.५२ च्या आत आली. पडद्यावर बेरीज १.०००. ऊर्जा कुठूनतरी आपोआप वाढलेली, रेणू जवळजवळ थिजलेला, आणि तपासायला ठेवलेला आकडा म्हणतोय सगळं आलबेल आहे.

भागण्यात आणखी एक गोम आहे. बेरीज अवस्थेवर अवलंबून असते, म्हणजे भागाकारही अवस्थेवर अवलंबून. मग दोन अवस्थांची बेरीज पुढं पाठवली तर उत्तरांची बेरीज येत नाही, रेषीयपणा गेला. एक आकडा वाचवायला ज्या नियमावर सगळं उभं आहे तोच मोडला. म्हणून माझं मत असं, की प्रोग्रॅममध्ये बेरीज मुद्दाम छापावी आणि तिला हात लावू नये. ती १.०१ दाखवत असेल तर ते तापाचं लक्षण आहे, थर्मामीटर झटकून ताप उतरत नाही.

पाऊल लहान करणं हा एक प्रामाणिक उपाय आहे. `x` ०.०१ केला आणि तेवढाच काळ गाठायला हजार पावलं टाकली तर बेरीज १.१०५ येते, ०.००१ केला आणि दहा हजार पावलं टाकली तर १.०१००५. चूक दहापट कमी व्हायला काम दहापट वाढतं. अखंड काळात, म्हणजे पाऊल शून्याकडं नेलं, की बरोबर एक. पण या भावात एका रेणूपलीकडे फार काही परवडणार नाही.

दुसरा उपाय पावलालाच युनिटरी करण्याचा. जॉन क्रँक आणि फिलिस निकल्सन यांनी १९४७ मध्ये उष्णतावहनाच्या समीकरणासाठी एक रीत मांडली: वेग पावलाच्या सुरुवातीचा घ्यायचा नाही, शेवटचाही नाही, दोन्हींची सरासरी घ्यायची. क्वांटममध्ये ती रीत अशी दिसते:

```python
psi = np.array([1, 0], dtype=complex)
I = np.eye(2)
P = I + 0.5j * x * H
M = I - 0.5j * x * H
for n in range(100):
    psi = np.linalg.solve(P, M @ psi)
```

म्हणजे एका पावलात `(1 + ixH/2)` नं भागून `(1 - ixH/2)` नं गुणायचं. `H` हर्मिशियन असल्यामुळे हे दोघं एकमेकांचे कॉन्ज्युगेट आहेत आणि एखादी संख्या तिच्याच कॉन्ज्युगेटनं भागली की लांबी नेमकी एक येते. 'जवळजवळ एक' नव्हे. पाऊल कितीही मोठं असो. तिनं हे चालवलं तेव्हा शंभर पावलांनंतर बेरीज एकच्या पुढं दशांशाच्या पंधराव्या घरापर्यंत हलली नाही, आणि जी हलली ती संगणकाच्या आकडे गोल करण्यानं. ऊर्जेचं शून्य हलवलं तरी नायट्रोजन पूर्ण झोके घेत राहिला.

पण इथंही डोळे उघडे हवेत. बेरीज एक असणं म्हणजे उत्तर बरोबर असणं नव्हे. क्रँक-निकल्सनचं पाऊल बाणाला फिरवतं, फक्त फिरवायचा कोन किंचित कमी भरतो: `x` च्या ऐवजी `2·arctan(x/2)`. `x` ०.१ असेल तर एका पावलाला ०.००००८ रेडियनची तूट, सहज खपून जाते. `x` ३ ठेवला तर ३ च्या जागी १.९७ रेडियन. नायट्रोजन तिथं दोन-तृतीयांश वेगानं ये-जा करतो, बेरीज मात्र ताठ एक. ही चूक बेरजेत कधीच दिसणार नाही. ती पकडायची तर पाऊल निम्मं करून पुन्हा चालवायचं आणि ये-जेचा काळ बदलतो का ते पाहायचं. माझा अनुभव असा आहे, की बेरीज एक आली की विद्यार्थी सुटकेचा श्वास टाकतात आणि ही दुसरी तपासणी करतच नाहीत.

(जाता जाता, बेरीज छापताना `np.vdot` च का? कारण ते पहिल्या संख्येचा कॉन्ज्युगेट घेतं. नुसतं `psi**2` बेरजेला घातलं तर `b` मधल्या `i` चा वर्ग उणे एक होतो आणि बेरजेऐवजी वजाबाकी मिळते. मग बेरीज अधिक एक आणि उणे एकच्या मध्ये हेलकावे खाते, आणि माणूस बिचाऱ्या श्रोडिंगरच्या समीकरणात चूक शोधत बसतो.)

मग बेरीज एकपेक्षा कमी होणं ही नेहमीच चूक असते का? नाही. ऊर्जेच्या वरच्या पातळीतला अमोनियाचा रेणू एकटा सोडला, तर कधी ना कधी तो सव्वा सेंटिमीटरचा फोटॉन टाकून खाली येतो. या संक्रमणाला फारच वेळ लागतो, सरासरी दोन-अडीच महिने. ज्याची एक ये-जा ४२ पिकोसेकंदांची त्या रेणूला हे म्हणजे जवळजवळ कधीच नाही. पण समजा हे हिशेबात धरायचं आहे आणि फोटॉनचा माग ठेवायची आपली इच्छा नाही. मग वरच्या पातळीच्या ऊर्जेत `-iΓ/2` मिळवतात. `H` आता हर्मिशियन नाही, ते मुद्दामच. बेरीज `exp(-Γt/ħ)` नं उतरत जाते, आणि उरलेली संख्या म्हणजे 'फोटॉन अजून सुटलेला नाही' याची शक्यता. बेरीज उतरली याचा अर्थ रेणू दुसरीकडे कुठंतरी गेलाय, आणि ते दुसरीकडे आपण वहीत लिहिलेलं नाही. वहीत फोटॉनच्या सगळ्या अवस्था घातल्या की `H` पुन्हा हर्मिशियन, `U` पुन्हा युनिटरी, बेरीज पुन्हा एक, आणि `Γ` ची किंमतही त्या मोठ्या हिशेबातूनच निघते. `Γ` चं चिन्ह चुकून उलटं पडलं तर बेरीज वाढायला लागते. कमी होणाऱ्या संभाव्यतेला 'कुठं गेली' असं विचारता येतं, एकच्या वर गेलेल्या संभाव्यतेला विचारण्यासारखं काही नसतं. ती दिसली की प्रोग्रॅम थांबवायचा.

कोलंबिया विद्यापीठात १९५४ मध्ये गॉर्डन, झायगर आणि टाउन्स यांनी याच रेणूवर पहिला मेझर, म्हणजे लेझरचा मायक्रोवेव्हमधला भाऊ, चालवला. विद्युतक्षेत्रानं वरच्या पातळीतले रेणू वेगळे काढले आणि मायक्रोवेव्हच्या पोकळीत सोडले. तिथं फोटॉन आधीच हजर असल्यामुळे रेणूंना महिनोन्‌महिने थांबावं लागलं नाही, पोकळी ओलांडायच्या आतच ते खाली उतरू लागले. रेणूंच्या वहीतून वरच्या पातळीची जी शक्यता कमी होत होती, तिचं दुसरं खातं पोकळीतल्या मायक्रोवेव्हचं होतं, आणि तिथली जमा २४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलच्या रूपात बाहेर मोजता येत होती.